पुरवठादाराची भेट : नियम कोणता आणि तो कसा पाळावा

वर्धा नदीकाठच्या पुलगावात शासकीय सेवकांचे वेगवेगळे वर्ग शेजारी नांदतात. येथे लष्कराचे दारूगोळा भांडार आहे, रेल्वे स्थानक आहे आणि नगर परिषद आहे. भांडारातील मुलकी कर्मचाऱ्यांना केंद्रीय नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९६४ लागू आहेत. राज्य शासनाच्या कर्मचाऱ्यांसाठी महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ आहेत. मात्र भ्रष्टाचार प्रतिबंधक अधिनियम, १९८८ या सर्वांना सारखाच लागू होतो, कारण त्याच्या व्याख्येनुसार नगर परिषदेचा कर्मचारीही लोकसेवकच आहे.

भेटवस्तूंच्या बाबतीत या अधिनियमाचे कलम ११ विशेष महत्त्वाचे आहे. ज्या व्यक्तीचा आपल्या कामाशी संबंध आला होता, आहे किंवा येण्याचा संभव आहे, हे लोकसेवकाला ठाऊक असते, तिच्याकडून विनामोबदला किंवा अपुऱ्या मोबदल्यात गैरलाभ घेणे हा या कलमान्वये अपराध आहे. त्यासाठी सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत कारावास आणि दंड अशी शिक्षा सांगितली आहे. या कलमात किमान रकमेची अट नाही. त्यामुळे ‘वस्तू किरकोळ होती’ एवढ्या सबबीवर विसंबून राहता येत नाही.

म्हणून कार्यालयीन टिपणीत नियम एका वाक्यात सांगावा : कार्यालयाला माल किंवा सेवा पुरविणाऱ्या, अथवा पुरवू इच्छिणाऱ्या कोणाकडूनही कर्मचाऱ्याने स्वतः, कुटुंबीयांमार्फत किंवा अन्य कोणामार्फत वस्तू, रोकड, प्रवास, निवास वा सवलत स्वीकारू नये.

या नियमामागील कारण एका कल्पित उदाहरणाने स्पष्ट होईल. समजा, एखाद्या नगर परिषदेच्या पाणीपुरवठा विभागात ब्लीचिंग पावडरची पोती आली. पोत्यांचे वजन करणे, नमुना तपासणीसाठी पाठविणे आणि माल ठीक असल्यास तसा शेरा लिहिणे हे भांडारपालाचे काम. ताज्या भुकटीत साधारणतः एकतृतीयांश उपलब्ध क्लोरीन असतो. जुन्या किंवा ओलसर मालात तो बराच घटतो. दिवाळीच्या आठवड्यात मालाबरोबर मिठाईचा डबा आला आणि त्यात चांदीचे नाणे निघाले. भांडारपालाने डबा ठेवून घेतला. त्या वेळी माल उत्तम होता, देयकही बरोबर होते. दोन महिन्यांनी मात्र पोती ओलसर आली. आता माल परत पाठविण्याचा शेरा लिहिताना त्याचा हात अडखळतो. ‘या वेळी चालवून घ्या’ असे पुरवठादाराने म्हणण्याचीही गरज उरत नाही. डब्याची खरी किंमत येथे चुकती होते, आणि ती गावाच्या पिण्याच्या पाण्यातून चुकती होते.

अशा वेळी करावयाचे काम सोपे आहे. डबा तेथेच नम्रपणे परत द्यावा. कोणी तो मागे ठेवून गेल्यास त्याच दिवशी कार्यालय प्रमुखांना लेखी कळवावे, नोंदवहीत वस्तूचे वर्णन व देणाऱ्याचे नाव लिहावे, आणि पत्रासह डबा परत करून पोच घ्यावी. ही नोंद त्याच दिवशीची असली तरच ती कर्मचाऱ्याच्या उपयोगी पडते; चौकशी सुरू झाल्यावर लिहिलेल्या नोंदीला कोणी मोल देत नाही.

पाहुणचाराचा प्रश्न थोडा नाजूक आहे. केंद्रीय नियमांनुसार प्रसंगोपात्त जेवण किंवा वाहनातून सोबत नेणे ही भेट मानली जात नाही. परंतु कार्यालयीन संबंध असलेल्यांकडून वारंवार किंवा खर्चिक पाहुणचार टाळावा, असेही ते सांगतात. तेव्हा कामाच्या जागेवर सर्वांसमवेत घेतलेला चहा आक्षेपार्ह नाही. कारखान्यात मालाच्या पाहणीस गेलेल्या अधिकाऱ्याने मात्र पुरवठादाराच्या खर्चाने नागपूरच्या हॉटेलात मुक्काम करू नये. प्रवास व निवासाचा खर्च कार्यालयाकडून भत्त्याच्या रूपाने घ्यावा.

आहेराबाबत पुष्कळदा गैरसमज होतो. लग्नकार्यात रूढीप्रमाणे आलेल्या आहेराला केंद्रीय नियमांत जी खास सूट आहे, ती जवळचे नातलग आणि कार्यालयीन संबंध नसलेले स्नेही यांच्यापुरती आहे. मुलीच्या लग्नात कंत्राटदाराने दिलेले पाकीट त्या सुटीत बसत नाही. ते आहेराच्या वहीत लिहिले तरी त्याचे स्वरूप बदलत नाही. त्याचप्रमाणे पुरवठादाराच्या दुकानातून घरासाठी सिमेंट निम्म्या दराने घेणे हाही अपुरा मोबदलाच होय, मग पावती रीतसर का असेना. त्याच दुकानातून इतर गिऱ्हाइकांप्रमाणे पूर्ण दराने सिमेंट घेतल्यास मात्र अपुऱ्या मोबदल्याचा प्रश्न येत नाही.

शंका आल्यास एक कसोटी पुरे आहे. आपण त्या खुर्चीवर नसतो, तर ही वस्तू आपल्या घरी आली असती काय? उत्तर ‘नाही’ असेल, तर ती वस्तू खुर्चीला दिलेली आहे. आणि खुर्चीला दिलेली वस्तू घरी नेता येत नाही.