नाकाविना रचलेला सुगंध

महत्त्वाचं मिश्रण तयार करायची वेळ आली आणि अत्तरकाराचं नाकच गेलं, ही गोष्ट मुद्दाम रचल्यासारखी वाटते. पण फ्रान्सच्या झां कार्ल यांच्याबद्दल ती सांगितली जाते. कार्वेन या फॅशनगृहासाठी त्यांनी केलेलं ‘मा ग्रीफ’ १९४६ साली बाजारात आलं. तोवर त्यांना वास येणं जवळजवळ बंद झालं होतं, आणि घरच्या मोजक्या माणसांनाच ते ठाऊक होतं, असं म्हणतात.

नाक गेलंय हे पटकन लक्षातही येत नाही. गंध टिपणाऱ्या पेशी नाकपुडीच्या अगदी वरच्या टोकाला असतात. त्या कामातून गेल्या तरी पुदिन्याच्या अर्काचा गारवा किंवा अमोनियाचा झोंबरेपणा जाणवत राहतो, कारण ती संवेदना चेहऱ्याच्या वेगळ्या मज्जातंतूतून येते. माणसाला वाटतं, आपलं नाक ठीक आहे. खरी परीक्षा गुलाबाच्या वासाची, कारण तो झोंबत नाही आणि गारही लागत नाही. तोच कळेनासा झाला, तर दुखणं गंधाचं आहे.

मग कार्ल यांनी काम कसं केलं? माझ्या मते याचं उत्तर त्यांच्या शिकवण्याच्या पद्धतीत आहे. आधी तासन्‌तास टिकणारे जड वास घ्यायचे. उदाहरणार्थ, एकीकडे ओकमॉस, म्हणजे ओकच्या झाडावर वाढणारं, आपल्या गोड्या मसाल्यातल्या दगडफुलाच्या जातकुळीतलं, आणि दुसरीकडे अंबर. नऊ भाग ओकमॉसला एक भाग अंबर, मग आठाला दोन, सातास तीन, असं एकास नऊपर्यंत जायचं. प्रत्येक मिश्रणात कागदाची पट्टी बुडवून हुंगायची आणि कुठल्या प्रमाणात दोन्ही वास एकजीव होतात ते टिपून ठेवायचं. त्यावर मधले वास, शेवटी चटकन उडून जाणारे. अशी हजारो प्रमाणं डोक्यात पक्की बसली की नवं सूत्र कागदावर मांडता येतं. ‘मा ग्रीफ’मध्ये स्टायरॅलिल ॲसिटेट ठळक आहे. हिरवट, अनंताच्या फुलाची आठवण देणारं हे रसायन किती घातलं तर काय होईल, हे जुन्या माणसाला न हुंगताही सांगता येतं.

अडचण पुढे येते. जाईचा अर्क दर हंगामात थोडा वेगळा उतरतो. लिंबाचं तेल हवा लागून बिघडतं. आकडे तेच राहतात, बाटलीतला माल बदललेला असतो, आणि स्मरणशक्तीला तो फरक कळायला मार्ग नाही. तिथे दुसऱ्याचं नाक लागतंच. त्याला नुसतं ‘कसं वाटतंय?’ विचारून भागत नाही. चार तासांनी पट्टीवर ओकमॉस वरचढ आहे की अंबर, असा नेमका प्रश्न घालावा लागतो.