इंडक्शन, मायक्रोवेव्ह आणि तक्त्यातली एक ओळ

स्लॅबच्या सळया बांधून झाल्या की त्यांच्यामधून पाइप आणि फॅन बॉक्स टाकून घ्यायला वायरमनला थोडाच वेळ मिळतो. एकदा काँक्रीट पडलं की छतातला पॉइंट हलत नाही. भिंतीतला हलवता येतो, पण त्यासाठी झिरी पाडावी लागते आणि पुन्हा प्लास्टर करावं लागतं. म्हणून घराचा विजेचा आराखडा स्लॅब भरण्याआधी साइटवर पोहोचलेला हवा. बऱ्याच घरांत तो पोहोचतच नाही. मालक हाताने दाखवतो, ‘इथे एक बोर्ड, तिथे एक प्लग’, आणि वायरमन खडूने भिंतीवर खुणा करतो. या खुणांवरून बोर्ड कुठे आहे ते कळतं, पण तो कोणत्या सर्किटवर आहे हे कळत नाही.

मध्यम आकाराच्या दोन बेडरूमच्या फ्लॅटचं उदाहरण घेऊ. आर्किटेक्टचा नकाशा कॅडमध्ये XREF म्हणून खाली जोडायचा आणि त्याचा रंग करडा करायचा, म्हणजे भिंती दिसतील पण चुकून हलणार नाहीत. पहिली तपासणी मापाची. DIST ही आज्ञा देऊन मुख्य दरवाजाची रुंदी मोजायची. ती ९०० ते १००० मिलिमीटर आली तर ठीक. ३ किंवा ३६ आली, तर नकाशा फुटात किंवा इंचात काढलेला आहे आणि आधी स्केल जुळवावं लागेल. त्यानंतर वेगवेगळे लेअर करायचे: दिवे-पंख्यांचा एक, पॉवर प्लगचा एक, बोर्डांचा एक आणि मजकुराचा एक.

दिवा, पंखा, प्लग, बोर्ड यांची चिन्हं प्रत्येक वेळी नव्याने काढायची नसतात. ती ब्लॉक म्हणून एकदाच बनवायची आणि ATTDEF वापरून प्रत्येकाला तीन-चार रकाने जोडायचे: सर्किट क्रमांक, बोर्ड क्रमांक, वॅट, जमिनीपासूनची उंची. खरी मेहनत इथेच लागते. गीझरचं चिन्ह ठेवलं की त्यात ‘P1’ आणि ‘2000’ भरायचं. ‘2000W’ लिहू नये, कारण अक्षर आलं की कॅड त्याला आकडा मानत नाही आणि पुढे बेरीज होत नाही.

बोर्ड ठेवताना दरवाजाच्या चिन्हातल्या कमानीकडे नीट बघावं. ती कमान म्हणजे पल्ला उघडल्यावर फिरणारी वाट. बिजागरीच्या बाजूला बोर्ड ठेवला, तर दार उघडल्यावर तो पल्ल्यामागे जातो आणि अंधारात आत शिरणाऱ्याला दिवा लावण्यासाठी आधी दार ढकलून बंद करावं लागतं. बोर्ड कडीच्या बाजूलाच हवा, आणि तयार फरशीपासून साधारण १२०० मिलिमीटर उंचीवर. दिव्यापासून बोर्डापर्यंतची रेषा सरळ न काढता वळणदार काढतात, म्हणजे ती भिंतीच्या रेषांत मिसळत नाही. ही रेषा पाइपचा मार्ग दाखवत नाही. कोणता दिवा कोणत्या बटणावर आहे, एवढंच ती सांगते.

आता स्वयंपाकघर. ओट्यावर तीन पॉवर प्लग आहेत आणि तिन्ही एकाच सर्किटवर, असं अनेक घरांत आढळतं. इंडक्शन शेगडी २००० वॅट, मायक्रोवेव्ह १२०० आणि किटली १५०० धरली तर एकूण ४७०० वॅट होतात. २३० व्होल्टने भागलं की सुमारे २०.४ अँपिअर. या सर्किटवर १६ अँपिअरचा एमसीबी असेल, तर तो लगेच पडेल अशी अनेकांची समजूत असते. तसं होत नाही. घरगुती एमसीबीच्या मानकानुसार क्षमतेच्या १.१३ पटीला तो तासभर पडता कामा नये, आणि १.४५ पटीला तासाच्या आत पडलाच पाहिजे. २०.४ म्हणजे सोळाच्या जवळजवळ १.२८ पट, या दोन्हींच्या मधली. म्हणजे रोजच्या चहाला तो टिकतो आणि सणाच्या दिवशी पुरण शिजत असताना पडतो.

मग कोणीतरी ‘एमसीबी हलका आहे’ म्हणतो आणि तिथे ३२ अँपिअरचा बसवतो. एमसीबी पडणं थांबतं, पण भिंतीतली अडीच चौरस मिलिमीटरची वायर तीच राहते. पाइपमध्ये इतर वायरींसोबत दाटीने बसलेली ही वायर साधारण विशीच्या आसपासचा प्रवाह सुरक्षितपणे वाहते (नेमका आकडा कंपनीच्या तक्त्यातून घ्यावा). आता तिच्यातून पंचवीस-तीस अँपिअर गेले तरी अडवणारं कोणी नाही. भाराचा प्रवाह एमसीबीपेक्षा कमी आणि एमसीबी वायरीच्या क्षमतेपेक्षा कमी, हा क्रम इथे उलटला. प्लग गरम लागणं किंवा प्लेटचं प्लास्टिक पिवळं पडणं ही त्याची बाहेरून दिसणारी लक्षणं.

आराखड्यात ही चूक आधीच पकडता येते. DATAEXTRACTION ही आज्ञा सगळ्या ब्लॉकांतले रकाने वाचून त्यांचा तक्ता करते. तो सर्किटवार लावला की ‘K1’ समोर 4700 दिसतं आणि डोळा तिथेच अडकतो. या फ्लॅटमध्ये उपाय सोपा होता. इंडक्शनला स्वतंत्र सर्किट दिलं. मायक्रोवेव्ह आणि मिक्सर यांना मिळून दुसरं दिलं. फ्रिज आणि पाणी शुद्धीकरण यंत्र यांचं तिसरं सर्किट केलं, म्हणजे ओट्यावर काही बिघडलं तरी फ्रिज बंद पडत नाही. किटली या दुसऱ्या सर्किटवर लावायची ठरली. तिघं एकदम चालली तर ३४५० वॅट म्हणजे १५ अँपिअर होतात, तेही सोळाच्या आत.

तक्त्याची शेवटची ओळ मात्र जपून वाचावी. दोन गीझर, दोन एसी, तीन स्वयंपाकघरी सर्किटं (किटली वगळून), पाणी तापवणारं वॉशिंग मशीन आणि दिवे-पंखे अशी सगळी बेरीज १४.४ किलोवॅट आली. ६२ अँपिअरहून जास्त. हे सगळं एकाच वेळी कधीच चालत नाही. सकाळची सर्वांत मोठी गर्दी पाहिली, म्हणजे दोन्ही गीझर, इंडक्शन, मिक्सर, फ्रिज आणि थोडे दिवे, तर ती साडेसात किलोवॅटच्या आत, सुमारे ३२ अँपिअर बसते. त्यातच वॉशिंग मशीन लावलं तर ४१ अँपिअर. एक फेजची ४० अँपिअरची मेन तिथे अपुरी पडते. म्हणून महावितरणकडे भार मागण्याआधी घरच्यांनी ठरवायचं, की मशीन दुपारी लावायचं की तीन फेज घ्यायचे. तीन फेज घेतले तर तक्त्यात फेजचा आणखी एक रकाना येतो, आणि दोन्ही गीझर एकाच फेजवर नाहीत ना, हे त्यात पाहावं लागतं. अर्थात मीटरच्या अर्जाला लागणारा चाचणी अहवाल परवानाधारक कंत्राटदारच देतो. ड्राफ्ट्समनचा नकाशा त्याची जागा घेत नाही.

कॅडमध्ये एक खोड हमखास आढळते. चिन्ह थोडं बदलायचं म्हणून कोणी EXPLODE देतो. त्याबरोबर भरलेला आकडा जातो आणि त्या जागी नुसतं रकान्याचं नाव उरतं. नकाशात चिन्ह दिसतं, पण तक्त्यात ते येत नाही. नकाशात दोन गीझर आणि तक्त्यात एकच, असं दिसलं तर आधी हीच शंका घ्यावी. चिन्ह बदलायचंच असेल तर BEDIT वापरून मूळ ब्लॉक बदलायचा, म्हणजे सगळीकडे एकदम बदल होतो आणि आकडे जागेवर राहतात.

साइटवर मात्र आराखडा जसाच्या तसा उतरत नाही. बीम आडवा येतो, बोर्ड फूटभर सरकतो, वॉशिंग मशीनचा प्लग बाल्कनीत जातो. वायरमनने छापील प्रतीवर लाल पेनाने केलेल्या अशा खुणा प्लास्टर होण्याआधी फाइलमध्ये भराव्यात, आणि त्याच तक्त्याची एक लहान प्रत डीबीच्या झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवावी. पुढे कधी बाथरूममधला गीझर बिघडला, तर दहा एमसीबींपैकी कोणता पाडायचा हे तिथेच लिहिलेलं असतं.