दूर्वा नाहीत, मग काय वाहायचं?

इंग्लंडमध्ये पहिल्यांदा गणपती बसवणाऱ्या मराठी घरात ऑगस्ट संपता संपता एकच शोध सुरू होतो. दूर्वा कुठे मिळतील, आंब्याची पानं कुठे, जास्वंद कुठे? पुढे महिन्याभरात नवरात्राचे घट बसतात आणि धान्याचा प्रश्न उभा राहतो. हा पेच नवा नाही. विधीत सांगितलेली वस्तू मिळाली नाही तर काय करायचं, याचा खल जैमिनीच्या मीमांसासूत्रांत सहाव्या अध्यायात आहे. तिथे अशा बदली वस्तूला ‘प्रतिनिधी’ म्हणतात. प्रतिनिधी मूळ वस्तूशी जितका मिळताजुळता तितका चांगला. यज्ञासाठी भात नसेल तर नीवार, म्हणजे रानभात चालतो, पण उडीद चालत नाही. आणि देवता, अग्नी, मंत्र यांना मात्र प्रतिनिधी नाही. वस्तू बदलता येते, पूजा कोणाची हे बदलता येत नाही.

घरच्या पूजेत यावरून एक सोपी कसोटी निघते: ही वस्तू पूजेत कशासाठी आहे? नुसती वाहायची असेल तर अक्षता पुरतात. वस्त्र नाही, अलंकार नाही, तर त्यांच्या जागी अक्षता वाहण्याची पद्धत आपल्याकडेही रूढ आहेच. त्यासाठी अखंड, न उकडलेले तांदूळ घ्यायचे आणि कुंकू लावायचं. पाच दूर्वा मिळाल्या तर पाच वाहाव्यात आणि उरलेल्या सोळांच्या जागी अक्षता.

अर्थात खऱ्या दूर्वा मिळणं अशक्य नाही. अमेरिकेत हेच गवत बर्म्युडा ग्रास या नावाने ओळखलं जातं आणि टेक्ससपासून जॉर्जियापर्यंत अंगणाअंगणात असतं. ऑस्ट्रेलियात त्याला काउच म्हणतात. इंग्लंडच्या हिरवळीत मात्र बहुतेक राय आणि फेस्क्यू ही थंडीतली गवतं असतात. ती दूर्वा नव्हेत. दूर्वेची काडी जमिनीलगत सरपटते, पेरापेराला मुळं फुटतात आणि पानाच्या बुडाशी पांढऱ्या केसांची बारीक झालर दिसते. राय गवत झुबक्याने वाढतं, सरपटत नाही. त्यामुळे बर्म्युडाचं बी आणून मेच्या अखेरीस कुंडीत पेरावं, वर अगदी पातळ माती टाकावी आणि कुंडी उन्हाच्या खिडकीत ठेवावी. ऊब मिळाली तर दोन-तीन आठवड्यांत उगवतं, पण खुडण्याजोगी पेरं धरायला आणखी दोन महिने तरी द्यावे लागतात. ऑगस्टमध्ये पेरून गणपतीला दूर्वा मिळत नाहीत.

जास्वंदीचा प्रश्न त्या मानाने हलका. सप्टेंबरात तिकडे डेलिया भरात असतो. लाल डेलिया किंवा लाल कार्नेशन खुशाल वाहावं.

कलशावरच्या पानांना मात्र जपायला हवं, कारण ती पाण्यात बुडतात आणि तेच पाणी शिंपडलं जातं, तीर्थ म्हणून घेतलंही जातं. इंग्लंडमध्ये कुंपणाला लावलेलं चेरी लॉरेल लांबट, चकचकीत, थेट आंब्याच्या पानासारखं दिसतं. ते विषारी आहे. चुरडलं की कडू बदामासारखा वास येतो. ज्याची पानं स्वयंपाकात वापरतात तो बे लॉरेल वेगळा. त्याचं पान चुरडलं की मसाल्याचा वास येतो. तो चालतो. शास्त्राला धरूनच जायचं तर पंचपल्लवांत आंब्याबरोबर वड, पिंपळ, उंबर असतात, आणि अंजीर त्यांच्याच कुळातला. इंग्लंडमध्ये अंजिराची झाडं बागांतून दिसतात. पान तोडल्यावर निघणारा चीक नीट धुवून काढावा, तो त्वचेला झोंबतो. भारतातून ताजी पानं बॅगेत घालून नेऊ नयेत. बऱ्याच देशांत ती विमानतळावरच काढून घेतात, ऑस्ट्रेलियात न सांगता नेली तर दंडही होतो.

घटाच्या धान्याचं काम वेगळं. ते रुजायला हवं, म्हणून इथे अक्षता किंवा दिसायला सारखं धान्य उपयोगाचं नाही. सुपरमार्केटमधलं ‘पर्ल बार्ली’ म्हणजे घासून पांढरे केलेले जव, ते रुजत नाहीत. डाळीही रुजत नाहीत. अख्खे गहू, अख्खे मूग, सालासकट जव घ्यावेत. बागेच्या दुकानातलं गुलाबी-निळं बी औषध लावलेलं असतं, ते घरात आणू नये. घट बसण्याच्या आठवडाभर आधी प्रत्येक धान्याचे दहा दाणे ओल्या कागदात गुंडाळून ठेवावेत. तीन-चार दिवसांत सात-आठ दाण्यांना मोड आले तर धान्य चांगलं. ऑक्टोबरच्या गारव्यात गहू आणि जव सहज येतात, ज्वारी-बाजरीला ऊब लागते. ती रुजली नाहीत तर नुसत्या गव्हाचा घट बसवावा. पाणी रोज थोडंच शिंपडावं, माती चिकट झाली की बुरशी धरते आणि कोंब पिवळे पडून कुजतात.