जेलची वाट, जामिनाची वाट

‘न्यायालयीन कोठडी’ हे शब्द कोर्टात उच्चारले जातात तेव्हा आरोपीची आई रडते आणि त्याच वेळी वकील सुटकेचा श्वास सोडतात. एकाच आदेशावर दोन उलट प्रतिक्रिया कशा?

समजा, नाशिकच्या एका सराफी दुकानातल्या नोकराला दागिने चोरल्याच्या आरोपावरून ३१ मेच्या संध्याकाळी अटक झाली. प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांच्या आत त्याला न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे हजर करावंच लागतं. १ जूनला पोलीस चार दिवसांची पोलीस कोठडी मागतात, तीन दिवसांची मिळते.

एवढी धडपड कशासाठी? पोलिसांपुढे दिलेली कबुली कोर्टात पुरावा म्हणून चालत नाही. पण ‘दागिने शेतातल्या विहिरीजवळ पुरलेत’ असं तो म्हणाला आणि पंचांसमक्ष ते तिथूनच निघाले, तर त्याच्या बोलण्यातला त्या शोधाशी जोडलेला तेवढाच भाग पुरावा ठरतो. एका वाक्याचे असे दोन तुकडे करणारा कायदा मला विलक्षण वाटतो. पोलीस कोठडीची खरी किंमत त्या तुकड्यात आहे, आणि मारहाणीचा धोकाही तिथेच आहे. म्हणून डी. के. बसू खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने दर ४८ तासांनी वैद्यकीय तपासणी सांगितली. चौकशीच्या वेळी वकिलाला भेटता येतं, फक्त पूर्ण वेळ जवळ बसवून घेता येत नाही. अंगावर मार दिसला तर पुढच्या हजेरीला तो थेट न्यायाधीशांना सांगावा.

तीन दिवसांनी न्यायालयीन कोठडी मिळाली की मुलगा पोलीस ठाण्यातून कारागृहात जातो. आता त्याचा ताबा न्यायालयाच्या आदेशाने कारागृहाकडे असतो. पोलिसांना चौकशी करायची तर कोर्टाची परवानगी लागते. घरच्यांना नियमाप्रमाणे मुलाकात मिळते, ओळखपत्र लागतं. जामीन अर्जावरची खरी सुनावणीही बहुधा आताच सुरू होते. वकिलांना हलकं वाटतं ते यामुळे.

मात्र एक बदल कुटुंबाने लक्षात ठेवायला हवा. पूर्वी पोलीस कोठडीचे १५ दिवस पहिल्या १५ दिवसांतच संपवावे लागत. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या संहितेत ते तुकड्या-तुकड्याने मागता येतात. या गुन्ह्यात सात वर्षांपर्यंतच शिक्षा आहे, त्यामुळे तपासाला ६० दिवस आणि पोलीस कोठडी मागायला पहिले ४० दिवस मिळतात. म्हणजे उरलेल्या १२ दिवसांसाठी १० जुलैपर्यंत तो पुन्हा पोलीस ठाण्यात जाऊ शकतो. पण ‘अजून कोठडी लागेल’ एवढ्याच कारणावरून जामीन नाकारता येत नाही.

३० जुलैला साठावा दिवस. तोवर दोषारोपपत्र आलं नाही, तर ३१ जुलैला त्याला जामिनाचा हक्क मिळतो, मग पुरावा कितीही भक्कम असो. पण हक्क मागावा लागतो. अर्ज देण्याआधी दोषारोपपत्र दाखल झालं तर तो जातो, म्हणून जाणते वकील त्या सकाळी कोर्ट उघडण्याआधीच अर्ज तयार ठेवतात.