सही आईची, धडा मुलाचा

मारेगावसारख्या तालुक्याच्या गावी दुकान आणि घर यांत पुष्कळदा एका दाराचेच अंतर असते. व्यापारी कुटुंबातला मुलगा वडिलांकडून हिशेब शिकतो, तसे त्यांचे वागणेही शिकतो. आईचे घरातील स्थान त्याला सर्वांत स्पष्ट दिसते ते कागदावर सही घेण्याच्या प्रसंगी.

समजा, कृषी केंद्र चालवणाऱ्या एका गृहस्थांना खरीप हंगामापूर्वी बँकेकडून कॅश क्रेडिटची मर्यादा वाढवून हवी आहे आणि पत्नीला जामीन राहावयाचे आहे. ते कागद पुढे करतात, "अगं, इथे सही कर." ती विचारते, "हे कशाचे?" उत्तर येते, "तुला त्यातले काय कळणार?" पंधरा वर्षांचा मुलगा पेन घेऊन शेजारी उभा असतो.

वास्तविक १८७२ च्या करार कायद्यातील कलम १२८ प्रमाणे, करारात वेगळे ठरले नसेल तर जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते. कर्ज थकल्यास वसुली तिच्या नावावरील मालमत्तेपर्यंत पोहोचू शकते. म्हणजे जोखीम तिची आणि प्रश्न विचारण्याचा अधिकार मात्र नाही, हाच धडा मुलगा घेतो.

हाच प्रसंग निराळा होऊ शकतो. गृहस्थांनी पत्नीजवळ बसून, मुलाच्या देखत, रक्कम, मुदत, तारण आणि कर्ज थकल्यास तिच्यावर येणारी जबाबदारी सांगावी. कागद एक रात्र तिच्याजवळ राहू द्यावा. खरी कसोटी तिच्या नकाराची असते. ती "नको" म्हणाली आणि त्यांनी कमी मर्यादेत हंगाम काढला, तर मुलाला मान म्हणजे काय ते समजते. नकारानंतर चार दिवस अबोला धरला, तर आधीचे सारे समजावणे व्यर्थ जाते.

मुलींविषयीच्या बोलण्यालाही हेच लागू पडते. गल्ल्यापाशी बसलेला एखादा परिचित रस्त्याने जाणाऱ्या विद्यार्थिनीच्या पोशाखावर शेरा मारतो. "मुलांसमोर नको," एवढेच वडील म्हणाले, तर मुलगा इतकेच शिकतो की मोठ्यांत असे बोललेले चालते. "आमच्या दुकानात असे बोलायचे नाही," हे वाक्य वेगळे आहे. त्यात गिऱ्हाईक दुखावण्याचा धोका असतो आणि वडील तो पत्करतात, हे मुलगा पाहतो.

घरच्या लेकीबाबतही तसेच. २००५ च्या दुरुस्तीने हिंदू वारसा कायद्यात मुलीला एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेत जन्मतःच मुलाइतका हक्क मिळाला. हा कायदा जैन कुटुंबांनाही लागू आहे. तरीही "तिच्या लग्नात खर्च केलाच की," असे म्हणत हक्कसोडपत्र पुढे केले जाते. बहिणीची सही गृहीत धरणारा मुलगा उद्या पत्नीचीही गृहीत धरील.

मुलगा काय शिकला, हे वडील घरी नसताना कळते. आई दुकानात येऊन उधारीची वही मागते, तेव्हा तो ती उघडून देतो की "बाबांना विचारा" म्हणतो, एवढे पाहिले तरी पुरे.