फोनमधली प्रसाधनं (भाग ४) : अंबर बाटलीचा फोटो

चेहऱ्याचं किंवा केसांचं तेल विकणाऱ्या छोट्या ब्रँडकडे एक बाटली हमखास असते : ३० मिलीची, तपकिरी काचेची, वर काळं चकचकीत झाकण आणि त्यात ड्रॉपर. ठोक बाजारात तिला अंबर बाटली म्हणतात. तपकिरी काच अतिनील किरण अडवते, त्यामुळे आतलं तेल लवकर खवट होत नाही. तेलाच्या दृष्टीने ही बाटली उत्तम आहे, पण फोटो काढणाऱ्याला तीच सगळ्यात जास्त छळते.

गेल्या भागातली साबणाची वडी त्या मानाने सोपी होती. वडीचा पृष्ठभाग खरबरीत असतो, त्यावर पडलेला प्रकाश सगळीकडे विखुरतो, त्यामुळे ती खिडकीजवळ कशीही ठेवली तरी बरी दिसते. काच तशी नाही. गुळगुळीत काचेवर समोरच्या वस्तूचं प्रतिबिंब उमटतं. शिवाय बाटली गोल असल्याने एखाद-दुसरी वस्तू नाही, तर जवळजवळ अख्खी खोली तिच्या अंगावर दाटीवाटीने उतरते. पहिल्या फोटोत बहुतेकांना जे दिसतं ते असं : खिडकीच्या ग्रिलच्या उभ्या-आडव्या रेघा, डोक्यावरच्या ट्यूबलाइटचा पांढरा ठिपका आणि मधोमध फोन धरलेले दोन हात. फोटो काढणाऱ्याने लाल कुर्ता घातला असेल, तर काळ्या झाकणावर लालसर झाकही येते.

इथे अनेक जण फोन बदलण्याचा विचार करू लागतात. कॅमेऱ्याचा मात्र यात काहीच दोष नाही. काचेत काय दिसावं हे बाटलीच्या आजूबाजूला काय ठेवलंय यावर ठरतं. म्हणून चकचकीत वस्तूच्या फोटोत निम्म्याहून अधिक वेळ बाटलीभोवतीची मांडणी करण्यात जातो.

सुरुवात खोलीपासून करायची. खोलीतले सगळे दिवे बंद करायचे. खिडकीचा उजेड निळसर असतो आणि घरातल्या वॉर्म बल्बचा पिवळा. दोन्ही एकत्र आले की लेबलची एक बाजू निळी आणि दुसरी पिवळी दिसते, आणि ते नंतर कुठल्याही अ‍ॅपमध्ये नीट सुधारत नाही. पंखाही बंद ठेवायचा, कारण पुढे लागणारा कागद त्याने हलतो. थेट ऊन येत नाही अशी खिडकी निवडायची, किंवा ऊन सरकून जाईपर्यंत थांबायचं.

टेबल खिडकीला लागून असं ठेवायचं, की उजेड बाटलीच्या डाव्या किंवा उजव्या कुशीवर येईल. पांढऱ्या कार्डशीटचं एक टोक मागच्या भिंतीला चिकटवायचं आणि दुसरं टेबलावर सोडायचं. मध्ये घडी पडू द्यायची नाही, कागदाला मऊ वळण हवं. आता खरं काम. बाटली आणि खिडकी यांच्या मध्ये ट्रेसिंग पेपरचा मोठा तुकडा टांगायचा. कपडे वाळवायची दोरी आणि चार चिमटे त्यासाठी पुरतात. ट्रेसिंग पेपर नसेल तर साधी पांढरी, नक्षी नसलेली ओढणी चालते.

कागद कुठे टांगायचा हे महत्त्वाचं. बरेच जण तो थेट खिडकीच्या तावदानाला चिकटवतात. तसं केलं तर ग्रिलची सावली कागदावर स्पष्ट उमटते आणि बाटलीवर पुन्हा त्याच रेघा येतात. कागद खिडकीपासून हात-दीड हात दूर आणि बाटलीच्या जवळ, साधारण ३० सेंटिमीटरवर हवा. एवढ्या अंतरात ग्रिलची सावली विरून जाते आणि कागद एकसारखा उजळतो. बाटलीच्या दृष्टीने आता तो कागद हाच दिवा. काचेवर त्याचं प्रतिबिंब म्हणून वरपासून खालपर्यंत एक स्वच्छ, उभा, पांढरा पट्टा उमटतो. जाहिरातींमधल्या बाटल्या गोल आणि काचेच्या वाटतात त्या याच पट्ट्यामुळे. कागद बाटलीच्या जवळ आणला की पट्टा रुंद होतो, लांब नेला की अरुंद आणि बोचरा होतो. बाटली जागेवर ठेवून कागद पुढेमागे सरकवत स्क्रीनवर पाहिलं, तर हा बदल लगेच लक्षात येतो.

दुसऱ्या बाजूला, खिडकीच्या विरुद्ध अंगाला, थर्माकोलची पांढरी शीट उभी करायची. तिचा एक बारीक, फिका पट्टा दुसऱ्या कडेवर येतो आणि काळं झाकण काळोखात हरवत नाही. सोनेरी छपाईचं लेबल असेल तर या शीटची गरज आणखी जास्त. सोनेरी फॉइलसमोर अंधारी खोली आली की अक्षरं काळी दिसतात. शीटचा कोन थोडा बदलला की तीच अक्षरं उजळतात.

एवढं करूनही बाटली काळीच दिसते. समोरून आणि बाजूने आलेला प्रकाश काचेच्या वरच्या वर परावर्तित होतो. आत गेलेला प्रकाश तपकिरी काच आणि तेल मिळून गिळून टाकतात. तेल दिसायचं तर प्रकाश मागून यायला हवा. यासाठी व्यावसायिक छायाचित्रकारांची एक जुनी युक्ती आहे. बाटलीच्या काचेच्या भागाएवढाच, किंचित लहान, पांढऱ्या कार्डाचा तुकडा कापायचा आणि तो बाटलीच्या मागे, कॅमेऱ्याला दिसणार नाही असा, थोडा खिडकीकडे कलता उभा करायचा. मागे मातीचा किंवा कणकेचा छोटा गोळा लावला की तो टिकून राहतो. खिडकीचा उजेड त्यावर पडून बाटलीतून समोर येतो आणि लेबलच्या दोन्ही बाजूंनी तेल उजळतं.

कार्ड लावताना गोंधळ होतो तो एका कारणाने. तेलाने भरलेली गोल बाटली भिंगासारखी वागते. कार्ड बाटलीपासून जरासं मागे गेलं की त्याची डावी बाजू काचेतून उजवीकडे दिसते. त्यामुळे ‘डावीकडे अंधार आहे, कार्ड डावीकडे सरकवू’ हा हिशेब उलटा पडतो. हिशेब सोडून द्यावा, स्क्रीनकडे बघत कार्ड बोटाने हलवावं. लेबल बाटलीला पूर्ण गुंडाळलेलं असेल तर मात्र ही युक्ती फारशी चालत नाही. मग ड्रॉपर उघडून बाजूला तेलाचा थेंब दाखवणारा वेगळा फोटो घेणं हाच मार्ग.

पांढऱ्या कार्डाच्या जागी पुष्कळ व्हिडिओंमध्ये सोनेरी कागद वापरायला सांगतात. त्याने तेल मधासारखं झळाळतं हे खरं. पण ती झळाळी कागदाची असते. कडुलिंबाचं किंवा भृंगराजाचं हिरवट तेल सोनेरी दिसू लागलं तर तो फोटो खोटा आहे. कार्ड पांढरंच हवं.

आता फोन. तो बाटलीच्या मध्याच्या उंचीला हवा, वरून झुकलेला नको. फोनचा मुख्य कॅमेरा वाइड असतो. जवळ जाऊन फोटो काढला की झाकण फुगीर आणि तळ निमुळता दिसतो. म्हणून ७०-८० सेंटिमीटर मागे जायचं आणि २x झूम वापरायचा. टेलिफोटो भिंग नसलेल्या फोनमध्ये हा झूम बहुधा नुसती कापाकापी असतो, तरी घाबरायचं कारण नाही. ४००० बाय ३००० पिक्सेलच्या फोटोतून २x कापल्यावर २००० बाय १५०० उरतात. अ‍ॅमेझॉनवर ग्राहकाला फोटो मोठा करून पाहता यावा यासाठी लांब बाजूला १००० पिक्सेल लागतात, त्याच्या हे दुप्पट आहे. पोर्ट्रेट मोड मात्र बंदच ठेवायचा. पार्श्वभूमी धूसर करताना फोनला काचेची कड नेमकी कळत नाही, आणि ड्रॉपरची रबरी टोपी किंवा बाटलीचा खांदा अर्धवट पुसला जातो.

काही फोन फार जवळ गेल्यावर न सांगता भिंग बदलतात. आयफोन १३ प्रोपासून पुढच्या प्रो मॉडेलांत हे मॅक्रोसाठी होतं आणि चित्र अल्ट्रावाइड भिंगातून येऊ लागतं. स्क्रीनवर पिवळं फूल दिसलं की समजायचं, फोन मागे घ्यायला हवा.

फोन ट्रायपॉडवर किंवा पुस्तकांच्या चळतीवर टेकवून टायमर लावायचा. लेबलवर बोट दाबून धरलं की फोकस आणि उजेड कुलूपबंद होतात. त्यानंतर सूर्याचं चिन्ह थोडं वर सरकवायचं. पांढऱ्या पार्श्वभूमीने फोन फसतो. समोर फार उजेड आहे असं समजून तो चित्र अंधारं करतो आणि कागद राखाडी दिसतो. कागद पांढरा होईपर्यंत उजेड वाढवायचा, पण काचेवरच्या पट्ट्याशेजारची लेबलची अक्षरं पुसट होऊ लागली की थांबायचं. अ‍ॅमेझॉनच्या मुख्य फोटोला पूर्ण शुद्ध पांढरी पार्श्वभूमी लागते आणि वस्तूने चौकटीचा ८५ टक्के भाग व्यापावा लागतो. शेवटचा तो पांढरेपणा नंतर अ‍ॅपमध्ये आणावा. कॅमेऱ्यातच हट्ट धरला तर झाकणाच्या कडा जळतात.

बटण दाबण्यापूर्वी बाटली एकदा डोळ्यांजवळ धरून बघावी. बोटांचे ठसे, काचेवरची धूळ, आट्यांवर ओघळलेलं तेल आणि तेलातले बुडबुडे स्क्रीनवर किरकोळ वाटतात. ग्राहकाने बोटांनी फोटो मोठा केला की तेच आधी दिसतात. मायक्रोफायबरच्या कापडाने बाटली पुसून पुढे ती कापडानेच धरायची. बुडबुडे जाईपर्यंत बाटली तशीच उभी राहू द्यायची. तिरकं लागलेलं लेबल फोटोत सरळ करत बसण्यापेक्षा दुसरी बाटली घेणं सोपं.

फोटो घेतल्यावर त्याच खिडकीत, त्याच उजेडात, बाटली स्क्रीनशेजारी धरून रंग ताडून पाहायचा. फोनचा ट्रू टोन किंवा डोळ्यांसाठीचा पिवळा मोड आधी बंद करायचा, नाहीतर तुलना चुकते. काच, तेल आणि लेबल या तिन्हींचा रंग जुळला की फोटो तयार. डिझाइनरला तो पाठवताना व्हॉट्सअ‍ॅपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवावा. साधा फोटो म्हणून पाठवला तर तो दाबला जातो आणि लेबलवरची बारीक अक्षरं फुटतात.

ती अक्षरं फुटू देऊ नयेत. घटक, निव्वळ वजन, उत्पादकाचा पत्ता आणि वापराची मुदत ग्राहक तिथेच वाचतो, म्हणून लेबलच्या मागच्या बाजूचाही एक स्वच्छ फोटो याच मांडणीत काढून ठेवावा. ऑनलाइन विक्रीसाठीच्या २०२० च्या ग्राहक संरक्षण नियमांनुसार जाहिरात वस्तूच्या प्रत्यक्ष गुणांशी जुळणारी असावी ही जबाबदारी विक्रेत्याची आहे, आणि जाहिरातीत दाखवल्याप्रमाणे नसलेला माल परत घ्यायला विक्रेता नकार देऊ शकत नाही. पुढच्या भागात लिपस्टिकचा लाल रंग फोनमध्ये का बिघडतो ते पाहायचं आहे. त्यासाठी वाचकांनी ट्रेसिंग पेपर आणि थर्माकोल जपून ठेवावं.