चुकीचे अक्षर काढणारे विकर

पेशीतील ऑक्सिजनच्या उपद्रवी रेणूंमुळे डीएनएतील ‘जी’ हे अक्षर बिघडते. मग नक्कल होताना त्याच्यासमोर ‘सी’ऐवजी ‘ए’ बसतो. म्यूटीवायएच नावाचे ग्लायकोसायलेज विकर हा चुकीचा ‘ए’ तोडून काढते. दुसरे विकर त्या रिकाम्या जागी धागा कापते, पॉलिमरेज तिथे ‘सी’ बसवते आणि लायगेज सांधा जोडते. त्यानंतर बिघडलेला ‘जी’ही वेगळे ग्लायकोसायलेज काढून टाकते.

आई आणि वडील दोघांकडूनही म्यूटीवायएचचे सदोष जनुक आले, तर चुका साचत जातात. मोठ्या आतड्यात पॉलिप वाढतात आणि कर्करोगाचा धोका बळावतो. अशा रुग्णाच्या प्रत्येक सख्ख्या भावंडात हाच दोष असण्याची शक्यता साधारण २५ टक्के असते. म्हणून त्यांचीही जनुकीय तपासणी करावी. दोष आढळल्यास नियमित कोलोनोस्कोपीत पॉलिप वेळीच काढता येतात.